चारचं खाणं नोंदवताना: पॅकेटचा ज्यूस, शहाळं आणि अख्खं डाळिंब, साखर कशी धरायची?

विजापूररोडची

नमस्कार मंडळी. बाबांचं वय ६३. रक्तातल्या साखरेची एचबीएवनसी तपासणी ६.३ आलीय. डॉक्टरांनी अजून साखरेची गोळी दिलेली नाही, पण तीन महिने खाल्लेलं सगळं लिहून आणा म्हणालेत. जेवणाचं जमतंय, अडतंय ते दुपारी चारच्या खाण्यापाशी. सोलापूरचा एप्रिल तुम्हाला माहीतच आहे. त्या वेळी बाबांना भाकरी-चिवडा नको असतो, काहीतरी गार आणि ओलं हवं असतं. घरात तीन पर्याय असतात: डाळिंब ज्यूसचं २०० मिलीचं पॅकेट, कोपऱ्यावरच्या गाड्यावरचं शहाळं, नाहीतर एक डाळिंब.

मोबाईलमधल्या अॅपमध्ये तिन्ही नोंदवून पाहिली. ज्यूसच्या पॅकेटवर १०० मिलीला टोटल शुगर्स १३ ग्रॅम लिहिलंय, म्हणजे अख्ख्या पॅकेटची साखर २६ ग्रॅम. शहाळ्याच्या पाण्याला अॅप 'एक कप' धरतं आणि ६ ग्रॅम दाखवतं. डाळिंब वजनकाट्यावर ठेवलं तर २८० ग्रॅम भरलं, ते टाकल्यावर अॅप म्हणतं ३८ ग्रॅम!

आता या हिशेबाने डाळिंब सगळ्यात वाईट, त्यापेक्षा पॅकेट बरं आणि शहाळं सगळ्यात चांगलं असं निघतंय. बाबा खूश आहेत, त्यांना पॅकेटच आवडतं. पण मला हे पटत नाहीये. नेमकं कुठे चुकतंय ते कोणी समजावून सांगेल का?

सातरस्ता

ताई, फळातली साखर मोजायचीच नसते. ती नैसर्गिक असते, तिचा त्रास नाही. साखर मोजायची ती कारखान्यातली, वरून घातलेली. पॅकेटवर 'अॅडेड शुगर्स' अशी वेगळी ओळ असते, तेवढीच लिहा. डाळिंब आणि शहाळं दोन्ही शून्य धरा. माझ्या सासऱ्यांना त्यांच्या डॉक्टरांनी असंच सांगितलंय.

विजापूररोडची

दादा, अॅडेड शुगर्स पाहिलं की. माझ्या पॅकेटवर तिथे ० लिहिलंय. म्हणजे तुमच्या पद्धतीने पॅकेटही शून्यच. मग तिन्ही सारखेच झाले!

ताटवाटी

मी आहारतज्ज्ञ आहे, सोलापुरातच काम करते. ताई, तुमची शंका रास्त आहे. तुमच्या तीन आकड्यांत दोन वेगळ्या गडबडी आहेत, त्या आधी सोडवू. साखर 'नैसर्गिक की घातलेली' हा प्रश्न त्यानंतरचा.

डाळिंबापासून सुरू करू. अॅपमध्ये १०० ग्रॅम डाळिंबाला जवळपास १३.७ ग्रॅम साखर असा आकडा असतो. तो खाण्याजोग्या भागाचा, म्हणजे दाण्यांचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे भारतीय पदार्थांचे तक्ते असोत किंवा अमेरिकेचे, दोन्हींत आकडे साल, देठ असा न खाण्याजोगा भाग वगळून दिलेले असतात. तुम्ही काट्यावर सालीसकट फळ ठेवलं आणि २८० लिहिलंत, तर अॅपने २८० ग्रॅम दाणे खाल्ले असं धरलं. केळं, मोसंबी, कलिंगड, फणस, सगळ्यांच्या नोंदीत हे होतं. डाळिंबात मात्र जास्त भोवतं, कारण साल जाड आणि आतले पांढरे पडदे वेगळे.

तेच फळ सोला, दाणे वाटीत काढा आणि दाण्यांचं वजन करा. सालींचंही करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

विजापूररोडची

आत्ताच केलं. २८० मधून दाणे निघाले १५८ ग्रॅम. साल-पडदा १२२! म्हणजे अर्ध्यापेक्षा थोडंच जास्त खायला मिळतं.

ताटवाटी

बरोबर. आता १५८ ला १३.७ ने गुणून शंभरने भागा: २१.६ ग्रॅम. म्हणजे ३८ चे एकदम २२ झाले आणि अख्खं डाळिंबसुद्धा पॅकेटच्या खाली आलं.

आणि बाबा एका बसणीला अख्खं २८० ग्रॅमचं डाळिंब खातात का?

विजापूररोडची

नाही हो. एक वाटी काढून ठेवते, तीही संपवायला त्यांना अर्धा तास लागतो. ती वाटी मोजली, ९० ग्रॅम.

ताटवाटी

मग नोंद ९० ग्रॅमची करा. साखर १२ ग्रॅमच्या आसपास, चोथा साडेतीन ग्रॅमच्या वर. पॅकेटमध्ये चोथा जवळजवळ नसतोच.

तुमच्या 'अर्धा तास लागतो' या वाक्याकडे लक्ष द्या. अॅपच्या कुठल्याही रकान्यात ते बसत नाही. पण साखर वाढण्याच्या दृष्टीने फार मोठा फरक तिथेच पडतो. पॅकेट ते स्ट्रॉने किती वेळात संपवतात?

विजापूररोडची

दोन मिनिटं. फ्रीजमधून काढलं की उभ्याउभ्याच.

अक्कलकोटकर

आमच्याकडे मुलांच्या डब्याला ज्यूसची पॅकेटं देतो. फोडलेलं पॅकेट फ्रीजमध्ये किती दिवस चालतं? एकदा फुगलेलं निघालं होतं, तेव्हापासून भीती वाटते.

ताटवाटी

इथे विषय साखरेच्या नोंदीचा चाललाय, तरी थोडक्यात सांगते. फुगलेलं पॅकेट फोडू नका, चाखू नका, फेकून द्या. फोडल्यानंतर किती दिवस ठेवायचं ते पॅकेटवरच छापलेलं असतं, तेच पाळा. डब्यात मुलांना पाणी आणि फळाच्या फोडी द्या.

सांगोल्याचा_बागायतदार

राम राम. डाळिंबाचा विषय बघून लिहायला बसलो. माझी भगवा जातीच्या डाळिंबाची बाग आहे. माल काढायच्या आधी आम्ही ब्रिक्स, म्हणजे रसाच्या गोडीचा आकडा, बघतो. हातात मावेल एवढी दुर्बिणीसारखी नळी असते, रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर रसाचे दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून बघायचं. आत निळ्या-पांढऱ्याची रेघ ज्या आकड्यावर येते तो ब्रिक्स. आमच्या बागेत भगवा १५-१६ ला आला की गोडीला बरा समजतो.

ताईंचा धागा वाचून एक केलं. काल मार्केट यार्डात माल घेऊन आलो होतो. येताना दोन शहाळी घेतली, एक पॅकेटचा डाळिंब ज्यूस घेतला, आणि माझं डाळिंब होतंच. एकाच यंत्रावर चौघांना बघितलं:

माझं डाळिंब १५.८
पॅकेट १३.६
पातळ मलईचं शहाळं ५.८
नुसतं पाणीवालं कोवळं शहाळं ४.४

ताईंचं अॅप शहाळ्याला किती धरतंय? कपाला ६ म्हणजे शंभरला अडीचच झाले की. मला ते कमी वाटतंय.

ताटवाटी

दादा, फार कामाचं केलंत. दुसरी गडबड नेमकी इथेच आहे.

आधी एक सांगते, म्हणजे कोणी ब्रिक्सचा आकडा जसाच्या तसा साखर म्हणून लिहायला नको. यंत्र पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून दाखवतं. साखर त्यात बहुतांश असते, पण आंबटपणा आणणारी आम्लं आणि क्षारही असतात. डाळिंबात १५.८ मधून आम्लं वगैरे वजा केली तर साखर १४ च्या आसपास राहते, म्हणजे अॅपच्या १३.७ शी जुळतं. पॅकेटच्या लेबलवर १३ आहे, यंत्र १३.६ म्हणतंय, तेही जुळतं. (लेबल मिलीवर आणि ब्रिक्स वजनावर असतो, त्याचाही थोडा फरक पडतो, पण तो सोडून देऊ.)

शहाळ्यात क्षारांचा वाटा तुलनेने मोठा असतो, कारण मुळात साखरच कमी. त्यामुळे ५.८ मधून मी पाऊण ते एक वजा धरेन. तरी १०० मिलीला पावणेपाच-पाच ग्रॅम साखर उरते. अॅपमधला २.६ हा आकडा अमेरिकेच्या तक्त्यातला आहे. आपण सोलापुरात जे शहाळं पितो त्याला तो अर्धाच पडतो.

का, तर नारळाचं वय. शहाळं पाच-सहा महिन्यांचं असताना आत नुसतं पाणी असतं, गोडी बेताची. मलई धरायला लागते, सातव्या महिन्याच्या आसपास, तेव्हा साखर सर्वात वर जाते. तिथून पुढे नारळ पक्का होत गेला की खोबरं वाढतं आणि पाण्यातली साखर उतरते. घरी पूजेला फोडलेल्या नारळाचं पाणी तितकं गोड का लागत नाही, ते यामुळे. अॅपचा २.६ या पक्क्या नारळाच्या पाण्याच्या जवळ जातो. गाड्यावर आपण मागतो मात्र 'पातळ मलईचं, गोड बघून दे'. म्हणजे ज्या वयाला साखर सर्वात जास्त, तेच मागून घेतो.

विजापूररोडची

अरे बापरे. आणि आमच्या कोपऱ्यावरचे काका तर वाजवून बघून गोडच देतात. मग शहाळ्याची नोंद किती करायची?

ताटवाटी

आधी मोजा. 'एक कप' विसरा, शहाळं काही २४० मिलीचंच निघत नाही. एकदा घरी आणून मापाच्या भांड्यात ओता.

विजापूररोडची

आज आणलं. पातळ मलईचंच. ३४० मिली भरलं.

ताटवाटी

मग ३४० मिलीला, १०० मिलीमागे ४.८ धरून, १६ ग्रॅम साखर. अॅप दाखवत होतं ६. मलई खाल्ली असेल तर ती 'ओलं खोबरं' म्हणून वेगळी लिहा, तिच्यात साखर थोडी पण चरबी असते.

आता तिघांना एका ओळीत बघा. पॅकेट २६. शहाळं १६. डाळिंबाची वाटी १२ आणि सोबत चोथा. तुमच्या पहिल्या पोस्टमधला क्रम बदलला की नाही?

सांगोल्याचा_बागायतदार

यंत्राबद्दल एक सांगतो, कारण कोणीतरी घ्यायला जाईल. स्वस्त यंत्र घेतलं तरी आधी त्याच्यावर शुद्ध पाण्याचे थेंब टाकून रेघ शून्यावर आणायची, स्क्रू असतो त्याला. शून्य न करता बघितलं की एक-दीड ब्रिक्सचा घोळ होतो. डाळिंबात तो कळत नाही, पण शहाळ्याच्या चार-पाचात फार मोठा होतो. आणि यंत्र गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नये. तापमानाची भरपाई आपोआप होते असं लिहिलेलं असतं, पण ती साधारण ३० अंशापर्यंत. आपल्याकडे उन्हात त्याच्या कितीतरी वर जातं. सावलीत ठेवून, रस आणि यंत्र दोन्ही खोलीच्या तापमानाला आल्यावर बघायचं.

मी दोनच शहाळी बघितली आहेत, हे लक्षात घ्या. वेगळ्या झाडाचं वेगळं निघेल.

सातरस्ता

सगळं ठीक आहे, पण जागतिक आरोग्य संघटनासुद्धा फळातली साखर मोजत नाही. हे मी वाचलंय, उगाच बोलत नाही.

ताटवाटी

तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे, पण अर्धंच. त्यांची २०१५ ची सूचना 'फ्री शुगर्स'बद्दल आहे. दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. २००० कॅलरीच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. अख्ख्या फळातली साखर त्यात धरत नाहीत, हे खरं. पण फळाच्या रसातली आणि घट्ट केलेल्या रसातली साखर त्यात धरतात, मग वरून साखर घातलेली असो वा नसो. म्हणजे ताईंच्या पॅकेटवर 'अॅडेड शुगर्स ०' असलं तरी त्या २५ ग्रॅमच्या मोजमापात ते एकटंच २६ भरतं.

दुसरं म्हणजे ही सूचना सर्वांसाठी आहे, दात आणि वजन डोळ्यांपुढे ठेवून केलेली. ज्याची रक्तातली साखर वर चालली आहे त्याचे डॉक्टर एकूण कर्बोदकं विचारतात. तिथे डाळिंबाची वाटी शून्य धरून चालणार नाही. बाबांच्या वहीत ती १२ ग्रॅमच लिहायची. फक्त रस आणि फळ वेगळं दिसेल असं लिहायचं.

विजापूररोडची

पॅकेटच्या मागे घटक वाचले. पाणी, मग सफरचंदाचा घट्ट रस, मग डाळिंबाचा घट्ट रस. समोर चित्र मात्र डाळिंबाचंच आहे!

ताटवाटी

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. म्हणजे त्यात डाळिंबापेक्षा सफरचंद जास्त आहे. असा घट्ट रसात पाणी घालून बनवलेला ज्यूस '१०० टक्के फळांचा रस' म्हणून विकू नका, असं एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेने जून २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं. पण समोर काय छापलंय यावर नोंद करूच नका. मागच्या चौकटीत टोटल शुगर्स बघा, १०० मिलीला की एका सर्व्हिंगला ते बघा, आणि पॅकेट किती मिलीचं ते बघा. एक लिटरचा डबा असेल तर आपला घरचा स्टीलचा पेला एकदा मापून ठेवा, बहुतेक पेले २०० च्या वर भरतात.

आणि 'ज्यूस' न लिहिता 'फ्रूट ड्रिंक' लिहिलेलं असेल तर तो वेगळाच माल. त्यात फळाचा रस १० टक्के असला तरी चालतो, बाकी गोडी साखरेची. टोटल शुगर्स मात्र जवळपास तेवढ्याच दिसतील. शरीराच्या हिशेबाला दोन्ही प्यायलेलीच साखर.

सांगोल्याचा_बागायतदार

घरी काढलेल्या रसाचंही सांगतो. ताईंच्या त्या १५८ ग्रॅम दाण्यांचा रस काढला तर शंभर-सव्वाशे मिलीच्या वर जाणार नाही. म्हणजे २०० मिलीचा एक पेला शुद्ध डाळिंबाचा करायचा तर तसली जवळजवळ दोन फळं लागतील. दोन अख्खी डाळिंबं दाणा दाणा करून एका माणसाला खायला लावून बघा, नाही जमत. पेला मात्र सहज जातो. आमच्याकडे पाहुण्यांना पेला भरून रस द्यायची पद्धत आहे, आता मीही विचार करायला लागलोय.

बाळ्याचा

माझ्या आईचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा. शहाळ्यात साखर कमी असते म्हणून उन्हाळ्यात रोज देत होतो. आता इथे वाचून वाटतंय की १६ ग्रॅम साखर जास्त होईल का? अर्धं द्यावं का?

ताटवाटी

दादा, तुमच्या आईच्या बाबतीत प्रश्न साखरेचा नाहीच, पोटॅशियमचा आहे. शहाळ्याच्या १०० मिलीत साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. ३४० मिलीच्या शहाळ्यात साडेआठशेच्या आसपास. निकामी मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदयाच्या ठोक्यांवर येतं. आजच शहाळं थांबवा आणि किडनीच्या डॉक्टरांना फोन करून 'रोज देत होतो' हे सांगा. अर्धं देऊ का, हेही त्यांनाच विचारा. डाळिंबातही १०० ग्रॅम दाण्यांना सव्वादोनशेच्या वर आहे, तेही त्यांच्या परवानगीशिवाय नको. पायात अशक्तपणा, धडधड, छातीत कसंतरी वाटलं तर फोनवर न थांबता दवाखान्यात न्या.

बाळ्याचा

फोन केला. बंद करायला सांगितलं आणि उद्या रक्त तपासायला बोलावलं आहे. धन्यवाद ताई, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

रोजनिशी

ज्यूसच्या बाजूने एक लिहायचं आहे. माझा भाचा टाइप वनचा, इन्सुलिन घेतो. त्याच्या दप्तरात असलंच २०० मिलीचं पॅकेट कायम असतं. साखर ७० च्या खाली गेली, हात थरथरायला लागले की १५ ग्रॅम पटकन चढणारी साखर द्यायची असते. १०० मिलीला १३ या हिशेबाने ११५ मिली, म्हणजे अर्ध्यापेक्षा थोडं जास्त. आम्ही पॅकेटवर स्केचपेनने रेघ मारून ठेवलीय. मग पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. तिथे डाळिंबाची वाटी देऊन उपयोग नाही, आणि शहाळ्याचं पाणी तेवढ्या साखरेसाठी ३०० मिली प्यावं लागेल. त्यामुळे 'ज्यूस वाईट' असं घरात बोललं की भाचा गोंधळतो, मग पॅकेट घ्यायला कचरतो. तसं होऊ देऊ नका.

ताटवाटी

अगदी योग्य. जी गोष्ट बाबांच्या बाबतीत नको, म्हणजे साखर झटकन चढणं, तीच भाच्याला त्या क्षणी हवी असते. ही नोंदही वहीत 'साखर उतरली म्हणून घेतला' अशी वेगळी लिहा, खाण्यात मिसळू नका. नाहीतर डॉक्टरांना वाटेल मुलगा रोज ज्यूस पितोय आणि ते त्यावर इन्सुलिन वाढवायचा विचार करतील.

सातरस्ता

मग शहाळं 'फ्री शुगर'मध्ये की नाही, ते सांगा. तुम्ही रस सांगितला, घट्ट रस सांगितला. नारळपाणी काही पिळून काढलेला रस नाही. ते फळात मुळातच पातळ असतं. त्यातून चोथा कोणी काढलेला नाही.

ताटवाटी

हा प्रश्न चांगला आहे. तुमचा मुद्दा खोडण्यासारखा नाही, त्या व्याख्येत नारळपाण्याचं नाव घेऊन काही लिहिलेलं नाही. मी माझ्या रुग्णांना ते प्यायलेल्या साखरेतच लिहायला सांगते, कारण पोटात ते तसंच वागतं, चावावं लागत नाही, चोथा नाही. पण माझ्याच ओळखीतल्या दुसऱ्या आहारतज्ज्ञ ते फळाच्या रकान्यात लिहून घेतात. आमचं यावर एकमत नाही.

सातरस्ता

मी फळातच धरणार. उन्हात दिवसभर फिरणाऱ्या माणसाला १६ ग्रॅमचं काय एवढं.

ताटवाटी

उन्हात फिरणाऱ्या धडधाकट माणसाला मीही नको म्हणणार नाही. इथे वही बाबांची आहे.

विजापूररोडची

आमच्याकडे ग्लुकोमीटर आहे. तिन्ही वेगवेगळ्या दिवशी देऊन, तासाने बोट टोचून बघू का? म्हणजे बाबांचाच आकडा मिळेल.

ताटवाटी

बघा, पण काळजी घेऊन. तिन्ही दिवशी दुपारचं जेवण सारखं, वेळ सारखी, आणि खाण्याच्या आधीचाही आकडा घ्यायचा. फक्त नंतरचा आकडा पाहून काहीच कळत नाही. हात साबणाने धुवून कोरडे करायचे, डाळिंब सोललेल्या बोटाला चिकटलेला रससुद्धा आकडा फुगवतो. आणि घरच्या मीटरला १०० च्या वर १५ टक्के मागेपुढे चालतं, म्हणजे खरी १४० असेल तर १२० ते १६० मधलं काहीही दाखवेल. त्यामुळे एका दिवशी १४२ आणि दुसऱ्या दिवशी १५० आले तर 'शहाळं चांगलं, डाळिंब वाईट' असा निकाल लावू नका. चाळीस-पन्नासाचा फरक पुन्हा पुन्हा दिसला तर त्याला अर्थ आहे.

विजापूररोडची

हो, तसंच करते. आणखी एक. बाबांना कवळी आहे. ते दाणे चावून रस घेतात आणि बिया थुंकतात. मग चोथा धरायचा की नाही?

ताटवाटी

हे आधी सांगायला हवं होतं, फार फरक पडतो! डाळिंबातला चोथा बहुतेक त्या बियांमध्येच असतो. बिया टाकल्या तर साखर जवळपास पूर्ण पोटात जाते आणि चोथा वाटीत राहतो. म्हणजे नोंदीत साखर १२ तशीच ठेवा, चोथा शून्याच्या जवळ धरा.

सांगोल्याचा_बागायतदार

पण ताई, मग तो रसच झाला ना? ज्यूसच्या रकान्यात लिहायचा का?

ताटवाटी

रकाना ठरवणं अवघड आहे. साखर रसासारखी, पण वेग फळासारखा: ९० ग्रॅमला अर्धा तास. मी याचं ठाम उत्तर देणार नाही. मीटरने काही दिसलं तर ते धरू. तोवर ताई, पेरू देऊन बघता का? पिकलेला, मऊ, बिया काढून फोडी केल्या तर कवळीला चालतो. १०० ग्रॅमला साखर ९ च्या आसपास आणि गरातही बऱ्यापैकी चोथा असतो, थुंकण्यासारखं काही उरत नाही. पपईही चालेल.

विजापूररोडची

बाबांना विचारलं. पेरू चालेल म्हणाले, मीठ-तिखट लावून. मीठ थोडंच लावीन, बीपीची गोळी चालू आहे. पॅकेट घरात आणायचं बंद केलंय. शहाळं आठवड्यातून एकदा आणि तेही पाणीवालं.

वही आता अशी लिहिते आहे, बघून सांगा:

दुपार ४.१० | डाळिंब दाणे (सोलून) ९० ग्रॅम | साखर १२ | बिया टाकल्या | खायला २५ मिनिटं
दुपार ४.०० | शहाळं पाणीवालं, मापून ३१० मिली | साखर ११ | मलई नाही | प्यायला ५ मिनिटं

शहाळ्याला सांगोल्याच्या दादांचा ४.४ चा आकडा घेऊन त्यातून थोडं वजा केलंय, शंभरला साडेतीन-पावणेचार धरलं. बरोबर ना?

ताटवाटी

बरोबर. 'पाणीवालं' की 'मलईचं' हे प्रत्येक वेळी लिहा, तोच खरा फरक आहे. आणि शेवटचा वेळेचा रकाना तुम्ही स्वतःहून टाकलात, तो डॉक्टरांना नक्की दाखवा.

सांगोल्याचा_बागायतदार

पुढच्या बुधवारी परत यार्डात येतोय. वेगवेगळ्या गाड्यांवरची पाच-सहा शहाळी बघतो, मलई किती धरलीय तेही लिहून ठेवतो आणि इथे टाकतो. पेरूचाही रस काढून बघतो, जाडसर असतो म्हणून फडक्यातून गाळावा लागेल, नाहीतर रेघ धूसर दिसते.